अल्फा ०.९० आला, तरी समितीचं समाधान का होत नाही?

प्रश्न: मी नाशिकमध्ये व्यवस्थापनात पीएचडी करते आहे. निफाड-दिंडोरी भागातले द्राक्ष बागायतदार कृषी सेवा केंद्रांच्या सेवेवर किती समाधानी आहेत, हा विषय. सेवेचा दर्जा मोजणाऱ्या सर्व्हक्वाल या प्रश्नावलीची २२ विधानं मराठीत आणली, ५० जणांवर पायलट केला, विधानांचा आपसातला मेळ सांगणारा क्रोनबॅकचा अल्फा ०.९० आला. तरी सल्लागार समितीने विचारलं, "प्रश्नावली दुसऱ्याची आहे, वैधता कुठे दाखवलीत?" गाईड म्हणतात ०.७०च्या वर आहे, पुरे. तत्परतेच्या चार विधानांचा वेगळा अल्फा मात्र ०.४६ येतोय. मी बचाव कसा करू?

उत्तर:

समितीला तुमच्याकडून मोठा आकडा नको आहे. मूळ प्रश्नावलीत तुम्ही काय बदललं, का बदललं, आणि बदलल्यानंतर ती पिंपळगावच्या बागायतदाराकडून तीच गोष्ट मोजते का, हे त्यांना हवं आहे. यातल्या शेवटच्या भागाच्या एका कोपऱ्याचंच उत्तर अल्फा देतो. तुम्ही जरा संकोचाने सांगितलेला ०.४६ हा आकडा मात्र तुमच्या हातातला सगळ्यात उपयोगी धागा आहे, म्हणून मी बराच वेळ त्याच्यावरच घालवणार आहे. एक गोष्ट आधी स्पष्ट करते. तुम्ही अजून पायलटवर आहात असं धरून मी लिहिते आहे. मुख्य नमुना गोळा झाला असेल तर काही वाटा बंद होतात, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी ०.९० बद्दल. क्रोनबॅकने १९५१ मध्ये मांडलेला हा गुणांक दोन गोष्टींवर चालतो: विधानं किती आहेत आणि त्यांचा एकमेकांशी सरासरी सहसंबंध किती आहे. प्रमाणित रूपात तो असा दिसतो:

```
alpha = k*r / (1 + (k-1)*r)
```

k म्हणजे विधानांची संख्या, r म्हणजे सरासरी सहसंबंध. यात k = २२ आणि r = ०.३० घाला. ६.६ भागिले ७.३, म्हणजे ०.९०. आता r तोच ठेवून k = ४ करा. १.२ भागिले १.९, म्हणजे ०.६३. लोकांच्या उत्तरांतला मेळ दोन्हीकडे सारखाच आहे, फक्त पहिल्या ठिकाणी विधानं जास्त आहेत. त्यामुळे २२ विधानांचा मिळून ०.९० आला यावरून एवढंच कळतं की सरासरी सहसंबंध ०.३०च्या आसपास आहे. त्यात कुणाला कौतुक वाटणार नाही.

शिवाय तुमची प्रश्नावली पाच परिमाणांची आहे: दृश्य सुविधा, भरवसा, तत्परता, खात्री आणि आपुलकी. तुमची गृहीतकं या पाच परिमाणांवर असतील, तर अल्फाही पाच वेगवेगळे द्यायला हवेत. सगळी विधानं एकत्र करून काढलेला अल्फा हा "ही पाच परिमाणं वेगळी आहेत" या तुमच्याच दाव्याच्या विरोधात उभा राहतो, आणि समितीतला एखादा संख्याशास्त्राचा माणूस नेमकं तिथेच बोट ठेवेल. ०.७०चं जे प्रमाण गाईड सांगतात ते ननली यांच्याकडून आलेलं आहे. संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर एवढं चालून जाईल, अशा अर्थाने त्यांनी ते म्हटलं होतं, आणि एखाद्या व्यक्तीबद्दल महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तर किमान ०.९० हवा असंही. म्हणजे ०.७० ओलांडलं की वैधता सिद्ध झाली, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

आता ०.४६. तत्परतेच्या चार विधानांची सोपी बेरीज करण्याआधी हे बघा की तुम्ही सर्व्हक्वालची कोणती आवृत्ती घेतली आहे. परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांच्या १९८८च्या मूळ आवृत्तीत तत्परतेची चारही आणि आपुलकीची पाचही विधानं उलटी लिहिलेली होती, म्हणजे सेवा वाईट असेल तर "सहमत" यावं अशी. पुढे १९९१ मध्ये त्याच लेखकांनी ही विधानं सरळ करून घेतली. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत १९८८चीच यादी उतरवलेली दिसते, आणि तुमच्या ०.४६ वरून मला तोच संशय येतो आहे. आपुलकीचा वेगळा अल्फा तुम्ही दिलेला नाही. तो आज काढून बघा.

तुमची विधानं १९८८चीच असतील, तर पुढचा प्रश्न: तुम्ही त्यांचे गुण उलटवले होते का, १ चे ५ आणि ५ चे १? इथे एक फसवी जागा आहे. तत्परतेची चारही विधानं एकाच दिशेची असल्यामुळे, गुण उलटवायचे राहिले तरी त्या चौघांचा आपसातला अल्फा तोच येतो. चूक तिथे दिसतच नाही. ती दिसते बाकीच्या परिमाणांशी असलेल्या सहसंबंधात. गुण न उलटवता लोकांनी नीट वाचून उत्तरं दिली असती, तर ही नऊ विधानं उरलेल्या तेरांशी ऋण सहसंबंध दाखवतील आणि एकूण अल्फा घसरेल. तुमचा एकूण अल्फा ०.९० आहे. गुण उलटवले असतील तर ठीक. पण उलटवले नसतील आणि तरीही ०.९० येत असेल, तर ती चिंतेची गोष्ट आहे. "दुकानदार विश्वासू आहे" आणि "दुकानदार लगेच मदत करत नाही" या दोन्हींना लोकांनी "सहमत" म्हटलं, असा त्याचा अर्थ होतो. मग तुमचा ०.९० समाधान मोजत नाही, होकार द्यायची सवय मोजतो.

हे कसं ओळखायचं, ते दोन फॉर्म समोर ठेवून बघू. समजा दोन बागायतदार आहेत आणि दोघांनीही "एकंदर सेवा" या प्रश्नाला ५ दिले आहेत. "या केंद्रात लगेच सेवा मिळत नाही" या विधानाला पहिल्याने १ दिला, उलटवल्यावर ५ झाला. दुसऱ्याने ५ दिला, उलटवल्यावर १ झाला. अनुभव एकच, गुण दोन टोकांना. दुसऱ्या गृहस्थाला नीट विचाराल तर तो सांगेल, "हो, लगेच मिळते की." आपण बोलताना नकारार्थी वाक्याला "हो" म्हणतो तेव्हा तो होकार वाक्याला असतो की वस्तुस्थितीला, हे सुरावरून कळतं. पाच चौकटींच्या कागदावर सूर उमटत नाही.

आता त्याच परिमाणातलं चौथं विधान बघा, कर्मचारी इतके कामात असतात की ग्राहकाकडे लगेच लक्ष देऊ शकत नाहीत, अशा अर्थाचं. याला दोघांनीही ४ दिले असतील. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि डावणी रोगाची भीती सुरू झाली की कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी असतेच. बागायतदाराला ती वस्तुस्थिती वाटते, दुकानदाराचा दोष वाटत नाही. त्यामुळे हे विधान बाकी तिघांबरोबर चालत नाही. म्हणजे ०.४६ मागे दोन वेगळी कारणं असू शकतात: पहिल्या तीन विधानांत काही जणांनी नकार उलटा वाचला, आणि चौथं विधान आपल्या भागात दुसरीच गोष्ट मोजतं.

तुमच्या फाइलमध्ये याची तपासणी करायला फार वेळ लागत नाही. एसपीएसएसमध्ये `Analyze > Scale > Reliability Analysis` मध्ये जा, `Statistics` मध्ये `Scale if item deleted` आणि `Correlations` वर खूण करा. आर वापरत असाल तर:

```
library(psych)
alpha(d[, c("t1","t2","t3","t4")])
```

आलेल्या तक्त्यात `Corrected Item-Total Correlation` हा रकाना, आरमध्ये `r.drop`, आधी वाचा. चौथ्याच विधानाचा आकडा शून्याजवळ असेल आणि बाकीचे ठीक असतील, तर दोष त्या विधानाचा आहे. चारही कमकुवत असतील तर वाचनाचा घोळ आहे. मग "एकंदर सेवा" ४ किंवा ५ आणि उलट्या विधानांनाही ४ किंवा ५ देणारे किती आहेत, ते मोजा. फॉर्म स्वतः भरणारे आणि तुम्ही वाचून दाखवून भरून घेतलेले, असे दोन गटही वेगळे करा. वाचून दाखवलेल्या गटात घोळ कमी असेल तर निदान पक्कं झालं. पन्नास जणांच्या नमुन्यात चार विधानांचा ०.४६ हा अल्फा ढोबळमानाने ०.२० ते ०.६५ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. पट्ट्याचं वरचं टोकही ०.७०च्या खालीच आहे, त्यामुळे "नमुना लहान होता म्हणून" हा बचाव करू नका.

दुरुस्तीच्या वेळी दोन मोह टाळा. एक म्हणजे ज्यांनी उलटं वाचलं असं वाटतं त्यांची उत्तरं स्वतः फिरवणं. तो डेटात फेरफार आहे, त्याचं समर्थन कुठल्याही तोंडी परीक्षेत होणार नाही. दुसरा म्हणजे `Cronbach's Alpha if Item Deleted` बघून विधान उडवणं आणि अल्फा वाढला म्हणून खूश होणं. विधान काढायचं तर ते अर्थाच्या कारणाने काढा आणि आकड्याला साक्षीला ठेवा. तुमच्यासाठी सरळ मार्ग असा: १९९१प्रमाणे नऊही विधानं होकारार्थी करा, गर्दीच्या विधानाऐवजी "गर्दी असली तरी दुकानदार माझं ऐकून घेतो" असं काही लिहा, आणि पहिल्या पन्नासात नसलेल्या नव्या ३०-४० बागायतदारांवर पुन्हा पायलट करा. सगळी विधानं होकारार्थी केल्यावर डोळे मिटून ४ वर खुणा करणारे सापडणं कठीण होतं, ही त्याची किंमत आहे. म्हणून संपूर्ण पानावर एकच चौकट भरलेले फॉर्म वेगळे काढण्याचा नियम आधीच लिहून ठेवा. मुख्य डेटा गोळा झाला असेल तर नवी विधानं आता घालता येणार नाहीत. अशा वेळी तत्परतेचा बेरीज-गुण गृहीतकांतून बाहेर ठेवून विधानवार निकाल द्यावे आणि कारण स्पष्ट लिहावं.

आता वैधतेकडे. समितीसमोर ठेवायला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे विधानवार बदलांचा तक्ता. मूळ विधान, तुमचं मराठी विधान, काय बदललं, का बदललं, आणि तो बदल कुणी तपासला, असे पाच रकाने. सात बिंदूंची श्रेणी पाच बिंदूंची केली असेल तर तेही त्यात येईल. अपेक्षा आणि अनुभव यांतली तफावत न काढता फक्त अनुभव विचारला असेल, तर तेही येईल. त्याला क्रोनिन आणि टेलर यांचा १९९२चा आधार आहे, तो तिथेच नोंदवा.

या तक्त्यात खात्री परिमाणातलं एक विधान आवर्जून तपासा. कर्मचाऱ्यांना काम नीट करण्यासाठी संस्थेकडून पुरेसा पाठिंबा मिळतो, अशा अर्थाचं मूळ विधान आहे. ते बँका, दुरुस्ती सेवा अशा मोठ्या संस्थांच्या ग्राहकांसाठी लिहिलं गेलं होतं. आपल्याकडे केंद्रात मालक स्वतः गल्ल्यावर असतो, सोबत एखादा मुलगा. बागायतदाराला हे विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि मनात काय येतं ते बोलायला सांगा. "मालकच बसलाय, त्याला कोण पाठिंबा देणार?" असं ऐकू आलं की ते विधान काढण्याचं कारण तुम्हाला मिळालं. अशा सहा-आठ मुलाखती घ्या, बागायतदारांचे शब्द जसेच्या तसे टिपा आणि परिशिष्टात द्या. अल्फाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ही पानं परीक्षकाला जास्त पटतात, असा माझा अनुभव आहे.

याच मुलाखतींतून दुसरी बाजूही दिसेल, ती म्हणजे मूळ प्रश्नावलीत काय नाही. द्राक्षाच्या औषधांचा खर्च मोठा असतो आणि अनेक ठिकाणी तो माल निघेपर्यंत उधारीवर चालतो. बागायतदाराच्या दृष्टीने उधारी हा सेवेचाच भाग आहे. सर्व्हक्वालमध्ये त्याला जागा नाही. उधारीवर तीन-चार विधानं जोडायची असतील तर जोडा, पण त्यांना सहावं परिमाण म्हणून वेगळं ठेवा. खात्रीत किंवा आपुलकीत मिसळली, तर मूळ अभ्यासांशी तुलना करायचा आधारच तुम्ही घालवाल.

मग तज्ज्ञ. "पाच तज्ज्ञांना दाखवली, त्यांनी मान्य केली" हे वाक्य प्रत्येक प्रबंधात असतं आणि त्याला काही वजन नसतं. सहा जण घ्या: कृषी विस्ताराचे दोन प्राध्यापक, विपणनाचा एक, एक कृषी अधिकारी, कृषी निविष्ठांच्या व्यवसायातला पण तुमच्या नमुन्यातल्या केंद्रांशी संबंध नसलेला एक, आणि एक जुना जाणता बागायतदार. प्रत्येक विधान त्याच्या परिमाणाशी किती सुसंगत आहे यावर १ ते ४ गुण मागा. ३ किंवा ४ देणाऱ्यांना एकूण तज्ज्ञांनी भागलं की त्या विधानाचा आशय-वैधता निर्देशांक मिळतो. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर ०.७८ ही लिन यांची १९८६ची किमान मर्यादा आहे, पाच किंवा कमी असतील तर सर्वांचं एकमत लागतं. सहापैकी पाच म्हणजे ०.८३, विधान राहिलं. सहापैकी चार म्हणजे ०.६७, ते सुधारायचं किंवा काढायचं. तज्ज्ञांनी लेखी दिलेले शेरे जपून ठेवा.

रचनेची तपासणी, म्हणजे घटक विश्लेषण, पन्नास जणांवर करू नका. २२ विधानांसाठी एवढ्या लहान नमुन्यातून येणारे घटक पुढच्या नमुन्यात टिकत नाहीत. पायलटवर तज्ज्ञ, मुलाखती आणि परिमाणवार अल्फा एवढंच, आणि घटक विश्लेषण मुख्य नमुन्यावर, साधारण २५०-३०० जणांच्या. आराखड्यात हे आधीच लिहा. पाच परिमाणं जशीच्या तशी येतीलच असं समितीला सांगू नका. क्रोनिन आणि टेलर यांच्याही १९९२च्या अभ्यासात पाच घटकांची रचना डेटाशी जुळली नव्हती. खात्री आणि आपुलकी तुमच्याकडे एकत्र आल्या तर नवल नाही. दुकानदार एकच असेल, तर त्याचं ज्ञान आणि त्याचा जिव्हाळा बागायतदार वेगळे करील कशाला? म्हणून आधी पाच घटकांचं मॉडेल पुष्टीकारक विश्लेषणाने तपासायचं, ते बसलं नाही तर या दोन परिमाणांना एकत्र धरलेलं चार घटकांचं, असा क्रम आधी जाहीर करा. ज्या फॉर्मांवरून घटक शोधले त्याच फॉर्मांवर त्यांची पुष्टी केली, तर ती पुष्टी ठरत नाही. नमुना पुरेसा असेल तर तो दोन भागांत विभागा.

बाहेरच्या निकषाशी ताळा हवाच. "पुढच्या हंगामातही इथूनच घेणार का" हा प्रश्न बहुतेक जण वापरतात, आणि आपल्या भागात तोच घसरतो. ज्याची जुनी बाकी दुकानात आहे तो नाराज असला तरी तिथेच जाणार. म्हणून फॉर्ममध्ये "सध्या या केंद्रात उधारी आहे का" हे विचारा आणि हा सहसंबंध रोखीवाल्यांसाठी आणि उधारीवाल्यांसाठी वेगळा काढा. रोखीवाल्यांत तो ठळक आणि उधारीवाल्यांत मंद आला, तर ते तुमच्या प्रश्नावलीच्या बाजूनेच बोलतं, कारण जिथे निवड खरी आहे तिथे गुण वागणुकीशी जुळले.

समितीत कुणी "मूळ अभ्यासात अल्फा चांगला होता, मग पुन्हा कशाला?" किंवा याच्या उलट "मूळ अल्फा एवढा होता, तुमचा कमी का?" असं विचारलं, तर दोन्हींना उत्तर एकच आहे. अल्फा हा प्रश्नावलीच्या कागदाचा गुण नसतो, त्या वेळच्या त्या लोकांनी दिलेल्या उत्तरांचा असतो. सगळे बागायतदार एकाच केंद्राचे ग्राहक असतील आणि सगळ्यांचं मत सारखंच असेल, तर उत्तरांत फरकच उरत नाही आणि अल्फा खाली येतो. प्रश्नावली तीच असते. म्हणून नमुन्यात केंद्रं वेगवेगळी घ्या, लहान-मोठी, तालुक्याच्या गावची आणि खेड्यातली.

शेवटी वेळ आणि जागा. मुख्य फॉर्म छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या धामधुमीत घेऊ नका, आणि दुकानाच्या काउंटरवर तर नकोच. मालक समोर असताना उधारी असलेला माणूस सगळीकडे ५ देईल. बाकीच्यांची उत्तरं वेगळी असल्यामुळे अल्फा त्यातही चांगला येईल, पण तुम्ही मोजलेलं काहीतरी दुसरंच असेल. फॉर्म बागेत किंवा घरी घ्या, आणि कुठे घेतला हे प्रत्येक फॉर्मवर नोंदवा, म्हणजे कुणी विचारलं तर दोन्हींची तुलना करून दाखवता येईल.